‘जागल’ गेम : डुकराच्या नव्या फाइटचा फीडबॅक मेसेज आणि फॉर्म (प्रकल्प नोंदी)

शनिवार, १५ नोव्हेंबर

आजपासून नोंदी मी स्वतः लिहितो, आधी पोट्टे लिहायचे पण कापूस वेचणी सुरू झाल्यापासून अर्धा क्लब वावरातच असतो. जे नव्यानं वाचतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या शाळेच्या गेम क्लबनं गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर ‘जागल’ नावाचा गेम बनवला आहे, एक पोरगा रात्री वावर राखायला मचाणीवर बसतो, हातात टॉर्च, गोफण आणि काठी, आणि शेवटी एक मोठं रानडुक्कर येते ते हाकलायचं. आमच्या यवतमाळकडं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, इथं हरभरा पेरला की दुसऱ्या रात्री डुकरं उकरून जातात.

जुन्या फाइटमध्ये डुक्कर धावायच्या आधी फक्त १८ फ्रेम थांबायचं. गोडो सेकंदाला ६० वेळा हालचाल मोजते म्हणजे ते झालं ०.३ सेकंद. डोळ्याला दिसून बोट बटनावर जायलाच माणसाला पाव सेकंद लागतो, त्यात आमचे जुने कीबोर्ड, म्हणजे बघून चुकवणं जवळपास अशक्यच. मग पोट्ट्यांनी काय केलं तर धुऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, तिथं डुक्कर अडकते, आणि तिथून गोफणीनं मारत बसले. जिंकले सगळे पण फाइट कोणीच खेळली नाही.

नव्या डिझाइनमध्ये थांबणं ४८ फ्रेम म्हणजे ०.८ सेकंद केलं, कोपरा बंद केला, आणि वावराच्या मधात बाभळीचा एक खुंट ठेवला. खुंटाच्या पुढं उभं राहायचं, डुक्कर अंगावर आलं की बाजूला उडी मारायची, डुक्कर खुंटावर आदळते आणि दोन सेकंद भोवळून पडते, तेवढ्यात जवळ जाऊन काठीचे फटके. दहावीतली पोरगी आहे जी डुकराचं कोडिंग करते (पुढं तिला कोडवालीच म्हणतो), हे सगळं तिचं डिझाइन आहे आणि मला मनापासून आवडलं आहे.

आज आठवीच्या १२ जणांना खेळायला दिलं आणि शेवटी हा मेसेज लावला होता, मीच लिहिलेला :

> डुकराची फाइट आम्ही नव्याने बनवली आहे. आता ती आधीपेक्षा सोपी आणि जास्त मजेदार झाली आहे. डुक्कर धावायच्या आधी पाय घासते ते दिसलं का? फाइट कशी वाटली ते नक्की सांगा!

बारापैकी ११ जणांनी लिहिलं ‘मस्त’, ‘छान आहे सर’, ‘एकदम भारी’. बाराव्यानं लिहिलं ‘डुकराचा आवाज टाका’. पाय घासताना दिसलं का याला बाराही जण ‘हो’. आणि मी मागं उभं राहून बघत होतो, त्यातले निदान पाच जण दर वेळी समोरूनच धडक खात होते. म्हणजे कागद एक सांगते आणि डोळे एक सांगून राहिले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर कोडवाली, चित्रवाला (नववीचा, सगळी चित्रं तोच काढतो) आणि मी बसलो आणि माझा मेसेज एकेक वाक्य घेऊन तपासला. मेसेज जवळपास पूर्णच चुकीचा होता.

पहिलं वाक्यच ‘आम्ही नव्याने बनवली आहे’. ज्या पोट्ट्याला समोर सर दिसतात आणि शेजारच्या वर्गातली ताई दिसते, जिनं दोन आठवडे हे बनवलं, तो कशाला म्हणेल की बेकार आहे. आपल्याकडं पाहुण्याला भाजी कशी झाली विचारलं तर तो चांगलीच झाली म्हणते, तसंच हे. दुसरं, ‘सोपी आणि जास्त मजेदार’ हे आपणच उत्तर सांगून टाकलं, आणि वर दोन गोष्टी एकात बांधल्या. कोणाला सोपी वाटली पण मजा नाही आली तर तो काय लिहिणार. तिसरं सगळ्यात वाईट, पाय घासते ते दिसलं का. ज्याला नव्हतं दिसलं त्याला आपण आत्ता सांगितलं की असं काही तरी होतं, आता तो नाही कसा म्हणेल, त्याला वाटते आपलंच लक्ष नव्हतं. चित्रवाला म्हणाला सर म्हणजे आपण पेपरातच उत्तर छापलं.

मग ठरवलं ते असं, की पोट्ट्याचं मत विचारायचं नाही, त्याच्यासोबत काय झालं ते विचारायचं. मेला तर कशामुळे मेला. धावणार हे कळलं तर कशावरून कळलं. कुठं अडकला. ही त्याची स्वतःची गोष्ट आहे, ती सांगताना तो कोणाचं मन राखत नाही, आणि ती त्याच्याइतकी कोणालाच माहीत नाही. उपाय काढणं आपलं काम आहे. उपाय विचारले की पोट्टे ‘बंदूक द्या’ लिहितात, मागच्या वर्षीचा अनुभव आहे, आणि तेव्हाही खरी गोष्ट ही होती की गोफणीचा दगड कुठं पडणार ते दिसत नव्हतं.

कोडवालीचा एका गोष्टीवर आग्रह होता की ‘किती अवघड, १ ते ५’ हा प्रश्न पाहिजेच कारण त्याचा आकडा निघते. मी आधी हो म्हटलं होतं. मग शनिवारचे दोन चेहरे आठवले, एक पोरगा सात वेळा मरून जिंकला आणि नाचत सुटला, त्याला अवघड किती विचारलं असतं तर जिंकल्याच्या आनंदात २ म्हणाला असता, आणि एक पोरगी दोन वेळा मेली आणि तास संपला, तिचा आकडा ५ आला असता. दोघांची सरासरी काढून हातात काय येईल? किती वेळा मेला हे गेमच लिहून ठेवू शकते, ते पोट्ट्याला विचारायलाच नको. तिला पटलं, पण मग म्हणाली की गेमनं लिहायचं तर मला दोन दिवस द्या.

दुसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा सुचली. आठवीनं जुनी फाइट खेळलेली आहे, ते सवयीनं कोपऱ्यात पळत होते. नव्या फाइटला कोरा खेळणारा पाहिजे आणि कोरा पोरगा एकदाच कोरा असते, एकदा खेळला की त्याला खुंट माहीत झाला. आमच्याकडं कोरे म्हणजे फक्त सातवी आणि सहावी, आणि वेचणीमुळं त्यातले निम्मेच येऊन राहिले. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी बसवायचं नाही, आधी सातवी, मग दुरुस्ती, मग सहावी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कोडवालीनं लॉग बनवला. प्रत्येक मरणाला एक ओळ, त्यात व्हर्जन, मशीन नंबर, कितवा प्रयत्न, कशानं मारलं, आणि त्या क्षणी डुक्कर कोणत्या अवस्थेत होतं. शेवटची गोष्ट तिनं आपल्या मनानं टाकली.

एक गडबड झाली ती लिहून ठेवतो कारण कोणालाही होऊ शकते. चाचणीत पाच वेळा मेलो आणि फाइलमध्ये एकच ओळ. कारण `FileAccess.WRITE` नं फाइल उघडली की आधीचं सगळं पुसते. `READ_WRITE` पुसत नाही, पण ते असलेलीच फाइल उघडते, नवीन बनवत नाही, म्हणून दोन्ही लागतात :

```gdscript
var mode = FileAccess.WRITE
if FileAccess.file_exists("user://log.txt"):
    mode = FileAccess.READ_WRITE
var f = FileAccess.open("user://log.txt", mode)
f.seek_end()
f.store_line(ol)
```

`seek_end()` विसरलं तर नवी ओळ पहिल्या ओळीवरच लिहिली जाते, तेही एकदा झालं. शनिवारी हे कळलं असतं तर दहा कोरे पोट्टे वाया गेले असते.

फॉर्म छापायचा ठरला, मोबाइलवर नाही. शाळेत मोबाइल चालत नाही आणि घरी एकाच मोबाइलवर चार भावंडं, त्यात दोन दिवसानं भरलेल्या फॉर्ममध्ये कशामुळे मेलो हे कोणाला आठवणार. एका ए-फोर कागदावर दोन फॉर्म, मधात कापायचे. मोठा ठेवला तर सातवीतलं पोरगं पहिले तीन प्रश्न लिहिते आणि पुढं ‘हो हो नाही’ करते. हा पहिला मसुदा :

> नमस्कार. हा गेम अजून तयार होत आहे. तुम्ही आज डुकराशी खेळलात, खेळताना काय काय झालं ते आम्हाला समजून घ्यायचं आहे. ही तुमची परीक्षा नाही, परीक्षा गेमची आहे. जिथं तुम्ही अडकलात तिथं गेममध्येच काही तरी राहिलं असेल, तेच आम्ही शोधतो आहोत. नाव लिहू नका. बोलता तसं लिहा, शुद्धलेखन बघणार नाही.
>
> १. खेळणं कसं थांबलं? जिंकलो / मीच सोडलं / वेळ संपला किंवा लाईट गेली
> २. शेवटी मेलात तेव्हा कशामुळे मेलात? काय झालं ते लिहा.
> ३. डुक्कर आता धावणार हे तुम्हाला कशावरून समजायचं? समजत नसेल तर तसं लिहा.
> ४. ‘आता काय करू’ असं कधी झालं का? तेव्हा समोर काय होतं?
> ५. परत खेळायचं का? आत्ता / नंतर कधी / नको

मशीन नंबर आणि व्हर्जन आम्हीच आधी पेनानं लिहून ठेवायचा, म्हणजे कागद लॉगसोबत जोडता येईल. ‘वेळ संपला किंवा लाईट गेली’ हा पर्याय चित्रवाल्यानं टाकायला लावला, आणि बरोबर आहे त्याचं, नाही तर घंटा वाजली म्हणून उठलेला पोरगाही आपण ‘कंटाळून सोडलं’ मध्ये मोजला असता.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळची शाळा, सातवीचे १० जण, व्हर्जन ०.४.१. चालू मशीन सहा म्हणून दोन खेपा, प्रत्येकाला २० मिनिटं. कोडवालीला मी खोलीच्या बाहेर बसवलं, तिला वाईट वाटलं पण ती समोर असली की पोट्टे तिच्याकडं बघत खेळतात. मी मागं उभा, तोंड बंद. तोंड बंद ठेवणं फार अवघड गेलं, एक पोरगी खुंटाच्या मागं लपून बसली होती आणि डुक्कर दुसऱ्याच बाजूनं येत होतं, जीभ नुसती वळवळत होती सांगायला. नाही सांगितलं. कोणी विचारलं ‘सर आता काय करू’ तर एकच उत्तर ठरवलं होतं, ‘तुला काय वाटते?’, आणि तो प्रश्न मी माझ्या वहीत वेळेसकट लिहून घेतला.

कागद गोळा केले. यावेळी दहा कागदांवर ‘मस्त’ हा शब्द एकदाच आला. बाकी वाक्यं आली, पूर्ण वाक्यं. एकानं तर मागच्या बाजूला वावराचं चित्र काढून डुक्कर कुठून आलं ते बाणानं दाखवलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी आहे कारण आज खरी गोष्ट सापडली.

दुसऱ्या प्रश्नाचे कागद जमिनीवर पसरले. जिंकलेला एक जण सोडून नऊ उत्तरं. ढोबळमानानं तीन ढीग झाले. चार जणांनी लिहिलं की धडकेनं मेलो, ‘डुक्कर लय जोरात येते’, ‘पळाले जागाच नाही भेटत’ असं. तिघांनी लिहिलं ‘पडलेलं होतं तरी मारलं’, त्यातल्या एकाचं वाक्य जसंच्या तसं : ‘मी मारायले गेलो तं ते निजेलच होतं अन् मीच मेलो’. दोघांनी लिहिलं की काहून मेलो ते नाही समजलं.

कोडवालीनं कागद बघितल्याबरोबर म्हटलं की सर वेग कमी करते, ४२० चा ३४० करते. चार जण म्हणतात म्हटल्यावर मलाही तेच वाटलं असतं. पण आधी लॉग लावून पाहू म्हटलं. मशीन नंबरनं एकेक कागद त्याच्या शेवटच्या मरणाच्या ओळीला जोडला, आणि नऊपैकी सहा ओळी अशा होत्या :

```
v0.4.1, pc3, try 5, dhadak, bhovalal
```

म्हणजे मारणारी गोष्ट धडक, पण त्या वेळी डुक्कर भोवळलेलं. भोवळलेलं डुक्कर मारूच शकत नाही, तसं डिझाइनच नाही. ज्या चौघांनी ‘लय जोरात येते’ लिहिलं त्यातले फक्त दोघं खरंच धावताना मेले होते, बाकी दोघं पडलेल्या डुकराजवळ. ज्या तिघांनी ‘पडलेलं होतं तरी’ लिहिलं ते तिघंही अर्थातच. आणि ‘नाही समजलं’ वाल्या दोघांतला एक तिथंच मेला, एक डुकराच्या पिल्लाला धडकून. वेग कमी केला असता तर सहापैकी एकाचंही मरण वाचलं नसतं.

पोट्टे खोटं नव्हते लिहीत. डुक्कर धावत आलं, बाजूला उडी मारली, ते धाडकन आदळलं, मेला, तर डोक्यात हेच राहणार की धडक बसली. कागद त्याला काय वाटलं ते सांगते आणि लॉग काय झालं ते सांगते, आणि दोन्हीत फरक दिसला की तिथंच शोधायचं.

मग बग शोधला. डुकराच्या तोंडापुढं एक `Area2D` आहे, नाव `Dhadak`, त्यात पोरगा आला की मार बसतो. खुंटावर आदळल्यावर तो बंद करायची ओळ होती, `$Dhadak.monitoring = false`. पण एरियात काही शिरलं की तो `body_entered` नावाचा सिग्नल देते, आणि ती ओळ त्याच सिग्नलच्या आत होती, आणि एरिया स्वतःचा सिग्नल देत असताना गोडो त्याला बंद करू देत नाही, ते नाकारते आणि एक लाल ओळ दाखवते की `set_deferred` वापरा, म्हणजे सिग्नलचं काम संपल्यावर बंद करा. ती लाल ओळ एडिटरमध्ये खाली दिसते. लॅबच्या मशीनवर एक्सपोर्ट केलेला गेम आहे, तिथं कोणाला दिसणार. दुरुस्ती एका ओळीची :

```gdscript
func _on_dhadak_body_entered(body):
    if body.is_in_group("khunt"):
        $Dhadak.set_deferred("monitoring", false)
        bhoval()
```

आता प्रश्न हा की आम्हाला स्वतःला इतके दिवस हे काहून नाही दिसलं. कोडवालीला चार वेळा खेळायला लावलं आणि दिसलं. तिला डुक्कर कधी येणार ते माहीतच आहे, म्हणून ती खूप आधी, लांब उडी मारते आणि मग फिरून डुकराच्या पाठीमागून काठी मारते. एरिया तोंडापुढंच आहे, पाठीमागं नाही. नवखा पोरगा शेवटच्या क्षणी जेमतेम बाजूला होते, म्हणजे तो खुंटापाशी डुकराच्या तोंडाजवळच उभा असते, आणि मारायला एक पाऊल पुढं टाकलं की मेला. ज्यानं बनवलं तो त्या जागी कधी उभाच राहत नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज तिसऱ्या प्रश्नाचे कागद. धावणार हे कशावरून समजायचं? दहापैकी सहा जणांनी लिहिलं ‘थांबते मग येते’. दोघांनी ‘आवाज येते’. एकानं ‘धूळ उडते’. एकानं ‘नाही समजत’.

चित्रवाल्याचं तोंड उतरलं, पायाखालची धूळ काढायला त्याचे दोन दिवस गेले होते आणि ती एकालाच दिसली. आवाज लिहिणारे दोघं कोणते ते पाहिलं तर मशीन २ आणि मशीन ५, आमच्या लॅबमध्ये स्पीकर असलेली तेवढी दोनच. बाकीच्यांसाठी खुर घासायचा आवाज नव्हताच. आणि धूळ काहून नाही दिसली ते मी लॅबच्या मॉनिटरवर जाऊन पाहिलं, रात्रीचं काळपट वावर, त्यावर मातकट धूळ, त्यात मॉनिटर जुने आणि फिके, मला स्वतःला माहीत असूनही शोधावी लागली. चित्रवाल्यानं ती घरच्या नव्या लॅपटॉपवर काढली होती.

याच प्रश्नाच्या उत्तरात, ‘थांबते मग येते’ लिहिणाऱ्या एका पोरीनं खाली अजून एक ओळ लिहिली होती : ‘खरं डुक्कर आधी मानेवरचे केस उभे करते’. तिचे बाबा जागलीला जातात. चित्रवाला हे वाचून उठलाच. मानेवरचे केस उभे राहिले की डुकराची काळी आकृतीच बदलते, वरून उंच होते, आणि आकृती बदलली की अंधारातही दिसते, फिक्या मॉनिटरवरही दिसते, आवाज लागत नाही. धूळ राहू दिली पण भरवसा आता केसांवर. ४८ फ्रेम तेवढ्याच ठेवल्या, वेग ४२० च.

मी विचार करून राहिलो होतो की पहिल्या मेसेजसारखं ‘पाय घासते ते दिसलं का’ विचारलं असतं तर दहाही जणांनी हो म्हटलं असतं आणि चित्रवाला खूश होऊन घरी गेला असता.

फॉर्ममध्ये दोन बदल. ‘आवाज येत होता का, हो / नाही’ ही बारीक ओळ वर टाकली. आणि चौथा प्रश्न बदलला, ‘आता काय करू असं कधी झालं का’ याला सात जणांनी नुसतं ‘नाही’ लिहून सोडलं, पण माझ्या वहीत त्यातल्याच तिघांचे ‘सर आता काय करू’ लिहिलेले आहेत. हो-नाहीत उत्तर देता येते असा प्रश्न असला की पोट्टे नाही लिहून मोकळे होतात. आता तो असा आहे : ‘सगळ्यात जास्त वेळ कुठं अडकलात? तेव्हा काय काय करून पाहिलं?’

शनिवार, २९ नोव्हेंबर

सहावीचे ९ जण, व्हर्जन ०.४.२. एक खेप सहाची, एक तिघांची. दुसऱ्या खेपेच्या मधात लाईट गेली आणि वीस मिनिटांनी आली, म्हणून तिघांचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘वेळ संपला किंवा लाईट गेली’.

भोवळलेल्या डुकरानं मारल्याची एकही ओळ लॉगमध्ये नाही. धावणार हे कशावरून समजलं याला सात जणांनी केसांचंच लिहिलं, वेगवेगळ्या शब्दांत, ‘फुगते’, ‘केस उभे करते’, ‘मोठं होते’, ‘साळीवानी होते’. एकानं ‘थांबते’, एकानं काहीच नाही. कोणी शिकवलेलं नसताना सात जण एकच गोष्ट आपापल्या शब्दात लिहितात तेव्हा ती दिसली असं मी धरतो.

पण एक गोष्ट खटकली. तीन जण पहिल्याच प्रयत्नात सरळ खुंटापुढं जाऊन उभे राहिले. सातवीत कोणालाच खुंटाचा उपयोग चौथ्या प्रयत्नाच्या आत समजला नव्हता. विचारलं तर कळलं की सातवीच्या पोट्ट्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगून टाकलं, ‘खुंटापाशी उभा राह्यजो’. त्यात त्यांची काय चूक, खेळ आवडला म्हणूनच सांगितलं. चूक आमची की फॉर्ममध्ये हे विचारलंच नाही. म्हणून खुंट किती लवकर समजते याबद्दल या नऊपैकी सहाच कागद धरले. त्या सहांत दोघांना खुंट शेवटपर्यंत समजला नाही, आणि चौथ्या प्रश्नात दोघांनीही लिहिलं की ‘गोफण मारून पाहिली, मरत नाही’. म्हणजे खुंट नुसता सजावटीचा वाटून राहिला. केसांच्या प्रश्नाला मात्र नऊही कागद चालतात, कारण तिघांना खुंट सांगितला होता, केस कोणी सांगितले नव्हते, सातवीनं ते केस बघितलेच नव्हते.

सोमवार, १ डिसेंबर

खुंटावर आता आधीचा एक ओरखडा आणि मोडकी साल दाखवली आहे, आणि फाइट सुरू होताना डुक्कर पहिली धडक पोरगा कुठंही असला तरी खुंटावरच देते आणि पडते. पाटी लावून सांगायचं नाही असं कोडवालीचं म्हणणं होतं आणि मी तिच्या बाजूनं आहे, एकदा डोळ्यांनी बघितलं की पोट्टे करतात. व्हर्जन ०.४.३.

फॉर्मवर सगळ्यात वर नवी ओळ : ‘या फाइटबद्दल आधी कोणी काही सांगितलं होतं का? काय सांगितलं?’ इथं हो-नाही मुद्दाम ठेवलं नाही, काय सांगितलं ते पाहिजे. त्यामुळं कागद भरला, मग पाचवा प्रश्न, परत खेळायचं का, तो काढला. १९ जणांपैकी १८ जणांनी ‘आत्ता’ वरच खूण केली होती, तास बुडते म्हटल्यावर कोण नको म्हणेल, त्यातून काही कळत नव्हतं.

सातवी आणि सहावीसाठी उलटा मेसेज लिहिला, ज्यांनी खेळून दिलं त्यांना काय झालं ते कळायला पाहिजे. कोडवालीनं लिहिला, मी फक्त एक शब्द बदलला :

> तुम्ही भरलेले १९ कागद आम्ही सगळे वाचले. ‘पडलेलं होतं तरी मारलं’ असं ज्यांनी लिहिलं ते खरं होतं, ती आमची चूक होती, दुरुस्त केली. धावायच्या आधी डुकराचे केस उभे राहतात हे तुमच्यातल्याच एकीनं सुचवलं आणि ते गेममध्ये आलं आहे. ‘डुक्कर लय जोरात येते’ असं चार जणांनी लिहिलं, वेग आम्ही मुद्दाम बदललेला नाही, पण आता ते येणार हे आधी दिसेल. आठ दिवसांनी परत खेळून पाहा. तोवर पाचवीला काही सांगू नका, त्यांना पहिल्यांदा खेळताना आम्हाला पाहायचं आहे.

हा दारावर लावला नाही, दारावर लावला तर पाचवी वाचेल. दोन्ही वर्गांत जाऊन वाचून दाखवला. केसांचं वाक्य आलं तेव्हा ती पोरगी खाली मान घालून बसली होती आणि कोणाला समजलं नाही की ती कोण, नाव नाही लिहायचं ठरलं होतं तर आम्हीही नाही सांगितलं.

पाचवीचे ११ जण शनिवारी. फॉर्म कापून तयार आहेत, मशीन नंबर लिहून झाले, ४ नंबरच्या मॉनिटरची वायर ढिली आहे ती शुक्रवारी बघायची.